वरिष्ठांचं भाषण त्यांच्याच बोलीत कसं लिहावं

वरिष्ठ अधिकाऱ्यासाठी भाषण लिहायचं काम आलं की बहुतेक जण एकच चूक करतात. त्यांची जुनी भाषणं मागवतात आणि त्या धाटणीत नवं भाषण लिहून देतात. पण ती जुनी भाषणंही कोणीतरी दुसऱ्याने लिहिलेली असतात. म्हणजे तुम्ही साहेबांची नक्कल करत नसता, तुमच्या आधीच्या लेखकाची करत असता. साहेब ते भाषण वाचतात, टाळ्या पडतात, आणि खाली उतरल्यावर त्यांची सेक्रेटरी म्हणते, "छान झालं, पण तुमच्यासारखं नाही वाटलं." ही तक्रार टाळायची कशी, ते एका प्रत्यक्ष कामाच्या आधाराने सांगतो.

काम असं होतं. एका उत्पादन कंपनीच्या कार्यकारी संचालक मॅडम. दोन जुन्या प्रॉडक्शन लाइन बंद होणार होत्या आणि ते चारशे कर्मचाऱ्यांसमोर त्यांना स्वतः सांगायचं होतं. वेळ ९ मिनिटं. वाईट बातमीच्या भाषणात परका शब्द लगेच उघडा पडतो. ऐकणारा कान टवकारून बसलेला असतो आणि "हे कोणी लिहून दिलंय" हे त्याला पहिल्या मिनिटात कळतं.

आधी ऐकायचं काय

मला हवं असतं ते बिनतयारीचं बोलणं. आढावा बैठकीतली प्रश्नोत्तरं, नव्या लोकांशी मारलेल्या गप्पा, एखाद्या कार्यक्रमात अचानक माइक हातात आल्यावर बोललेली चार वाक्यं. सगळं मिळून तीस-चाळीस मिनिटं पुरतात, पण किमान तीन वेगळ्या प्रसंगांची हवीत. एकाच बैठकीतलं बोलणं घेतलं तर त्या दिवशीचा मूड हीच सवय आहे असं वाटून बसतं. एका प्रसंगात तरी ते अडचणीत सापडलेले असावेत. अवघड प्रश्न आल्यावर माणूस ज्या वाटेने उत्तराकडे जातो, ती त्याची खरी वाट. रेकॉर्डिंग संबंधितांच्या परवानगीनेच मिळवायचं आणि काम झालं की परत करायचं किंवा पुसून टाकायचं, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

मग त्यातली वीसेक मिनिटं स्वतः कागदावर उतरवा. शब्दन् शब्द, "अं" आणि "म्हणजे" सकट, अर्धवट सोडलेल्या वाक्यांसकट. हे काम कंटाळवाणं आहे आणि नवख्याला ते दुसऱ्याकडे सोपवावंसं वाटतं. सोपवू नका. उतरवणारा माणूस नकळत वाक्यं नीट करून टाकतो, आणि आपल्याला हवा असलेला ऐवज नेमका त्या मोडक्या वाक्यांत असतो. जिथे श्वास घेतला तिथे एक तिरकी रेघ मारा.

मॅडमच्या बैठकीतला हा तुकडा मी असाच उतरवला होता:

"नाही, म्हणजे, ते मशीन नव्हतं बंद पडलं. / माणूस थांबला होता. / का थांबला? / कारण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. / आता मशीनला दोष द्यायचा, तर द्या. / पण मी असते ना त्या जागी, मीपण थांबले असते."

या सहा ओळींत काय दिसतं

नवखा लेखक इथे "म्हणजे" आणि "ना" यांच्यावर खूण करतो. तेच शब्द भाषणात पेरले की काम झालं असं त्याला वाटतं. खरं तर ते सगळ्यात कमी कामाचे. माणसाची ओळख पटते ती विचार कुठल्या क्रमाने येतो त्यावरून.

मॅडम आधी चुकीची गोष्ट बाजूला सारतात आणि मग खरी सांगतात: हे नव्हतं, ते होतं. मग स्वतःलाच प्रश्न विचारतात आणि लगेच उत्तर देतात. शेवटी स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवतात. बाकीच्या रेकॉर्डिंगमध्ये हा तीन पावलांचा क्रम मला पुन्हा पुन्हा सापडला. कुणी त्यांना त्याबद्दल विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "छे, मी कुठे अशी बोलते?" आपली सवय आपल्याला ऐकू येत नाही. त्यामुळे "तुमची शैली कशी आहे?" हा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. लोक आपल्याला आवडणाऱ्या एखाद्या वक्त्याचं वर्णन करतात.

क्रमाच्या खालोखाल मी सर्वनामं मोजतो, आणि मराठीत यावर फार काही अवलंबून असतं. "आम्ही" म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, "आपण" म्हटलं की तो आत येतो. कोण कशासाठी काय वापरतं ते बघा. मॅडमच्या बोलण्यात "आम्ही" जवळजवळ नव्हतंच. पुढच्या कामाबद्दल बोलताना "आपण", चुकीबद्दल बोलताना "मी". हे त्यांनी ठरवून केलेलं नव्हतं, पण इतकं पक्कं होतं की भाषणात एका जागी गफलत झाली तर अख्खा परिच्छेद खोटा वाटला असता. तशी गफलत मी केली, त्याबद्दल पुढे सांगतो.

तिसरी गोष्ट क्रियापदाची जागा. लिहिताना आपण क्रियापद शेवटी ठेवतो. बोलताना बरेच जण ते आधी उरकतात आणि राहिलेलं मागून जोडतात: "आले होते मी मार्चमध्ये, रात्रपाळीला." काही जण मात्र बोलतानाही वाक्य नीट बंद करतात. तुमचा माणूस यातला कुठला, हे कळल्याशिवाय पहिलं वाक्य लिहू नका. मॅडम साधारण चारातलं एक वाक्य असं मागून जोडायच्या, बाकीची सरळ.

राहिले आकडे आणि उसने शब्द. मॅडम कधीही "सात टक्के" म्हणत नव्हत्या, "शंभरातले सात" म्हणायच्या. "लाइन", "शिफ्ट", "रिजेक्शन" हे शब्द इंग्रजीच, पण "पुनर्रचना" किंवा "समायोजन" हे त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. विशेषणं तर जवळपास शून्य. हे सगळं मी एका पानावर लिहून ठेवतो. पान एकच. दोन पानं झाली तर लिहिताना ती कोणी बघत नाही.

त्याच पानावर दोन आकडेही असतात. उतरवलेल्या वीस मिनिटांत मॅडम सुमारे २,१०० शब्द बोलल्या होत्या, म्हणजे मिनिटाला १०५. ९ मिनिटांना ९४५ शब्द होतात. पण सभागृहात बोलणं हळू होतं आणि थांबेही लांबतात, म्हणून मी साधारण दहावा भाग कमी करून ८५० वर थांबतो. दुसरा आकडा वाक्याच्या लांबीचा: बोलताना सरासरी आठ शब्द, जुन्या छापील भाषणांत एकोणीस. त्यांना भाषण वाचताना धाप का लागायची, ते इथेच कळलं. वेग प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून माझा आकडा उचलू नका. आपल्या माणसाचं बोलणं मोजा.

मुलाखत

आता चाळीस मिनिटं प्रत्यक्ष भेट मागा. वेळ देताना "मुद्दे मेल करतो, त्यावरून लिहा" असं उत्तर येईल. मुद्द्यांवरून परिपत्रक लिहिता येतं, भाषण नाही. म्हणून भेटीचा आग्रह सोडू नका.

भेटीत "तुम्हाला काय सांगायचंय?" असं विचारलं की मुद्देच ऐकायला मिळतात. घडलेलं काय ते विचारा. मी विचारलं, "या लाइन बंद कराव्या लागणार, हे तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं?" मॅडम थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या की मार्चमध्ये एकदा रात्रपाळीला अचानक गेल्या होत्या. तीन नंबर लाइनवर एका ऑपरेटरकडे एक वही दिसली. कुठल्या बंद मशीनमधला कुठला पार्ट काढून कुठे बसवला, याची नोंद त्याने स्वतःहून ठेवली होती. चौदा पानं भरली होती. "मला ती वही बघून लाज वाटली," एवढंच बोलून त्या दुसऱ्या विषयाकडे वळल्या.

असं वाक्य आलं की तिथेच थांबवून "का?" विचारायचं. त्या म्हणाल्या, "नवीन पार्ट मंजूर करायचं काम माझं होतं ना." भाषणाचा कणा मिळाला. आणखी एक प्रश्न मी नेहमी विचारतो: "समोरच्यातला कोण या भाषणावर चिडेल, आणि तो तुम्हाला काय म्हणेल?" उत्तर देताना माणूस नकळत आपला बचाव आपल्या शब्दांत मांडतो. ते शब्द जसेच्या तसे वहीत घ्या.

पहिला मसुदा

मनुष्यबळ विभागाकडून आलेला परिच्छेद असा होता:

"बदलत्या बाजारपेठेच्या पार्श्वभूमीवर व्यवस्थापनाने दोन उत्पादन मार्गिका टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय घेतला असून संबंधित कर्मचाऱ्यांचे योग्य ते समायोजन करण्यात येईल, याची मी आपणांस ग्वाही देते."

एकच वाक्य, आणि त्यात मॅडम कुठेच नाहीत. "करण्यात येईल" म्हणजे करणार कोण? लेखी मराठीची ही खोड भाषणात सगळ्यात आधी काढायची. "करण्यात आले", "च्या अनुषंगाने", "निमित्ताने" असे शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी "कोणी केलं?" विचारा. उत्तर लिहिलं की निम्मं काम होतं.

मी मसुदा टाइप करत नाही, आधी बोलतो. एकट्याने खोलीत बसून, त्यांचं रेकॉर्डिंग पाच मिनिटं ऐकून, मग स्वतः त्या लयीत बोलून रेकॉर्ड करतो आणि ते उतरवतो. बोटं कीबोर्डवर गेली की वाक्य लांबायला लागतात, हा माझा अनुभव. या पद्धतीने तोच परिच्छेद असा झाला:

"तीन नंबर आणि चार नंबर लाइन आपण बंद करतोय. जूनच्या शेवटी.
लोक कमी पडले म्हणून नाही. मशीनं म्हातारी झाली म्हणून.
आले होते मी मार्चमध्ये, रात्रपाळीला. तिथे एक वही बघितली. कुठल्या बंद मशीनमधला पार्ट काढून कुठे लावला, सगळं लिहिलेलं. चौदा पानं.
ही वही लिहायची वेळ कोणी आणली? मी. नवीन पार्ट मंजूर करायचं काम माझं होतं.
त्या ऑपरेटरच्या जागी मी असते ना, तर एवढी पानं भरायला थांबले नसते."

"हे नाही, ते" आलं, स्वतःचा प्रश्न आला, दुसऱ्याच्या जागी उभं राहणं आलं. उरलेल्या भाषणात मात्र हा पूर्ण क्रम मी आणखी एकदाच वापरला, शेवटाकडे. बोलताना माणूस जितक्या वेळा एखादी लकब वापरतो त्याच्या एक तृतीयांश कागदावर ठेवायची, हा माझा अंदाजपंचे नियम. उभं राहिल्यावर उरलेली तो स्वतःच घालतो.

हा नियम मी चुकून शिकलो. पूर्वी एका वरिष्ठांना "सरळ सांगतो" म्हणायची सवय होती. मी खूश होऊन बारा मिनिटांच्या भाषणात ते सहा वेळा घातलं. त्यांनी नेहमीप्रमाणे वरून दोन-तीनदा स्वतःचं घातलं. चौथ्या वेळेपासून मागच्या रांगा हसायला लागल्या आणि शेवटी काही जण त्यांच्या आधीच ते म्हणत होते. खाली उतरून त्यांनी मला विचारलं, "मी खरंच असा बोलतो?" लकब आणि नक्कल यांच्यात अंतर फार थोडं असतं. पालुपद भाषणात एकदा लिहावं, फार तर दोनदा. आणि "अं", "म्हणजे", "बरं का" यातलं काहीही लिहू नये. लिहिलेलं "म्हणजे" वाचताना माणूस नटासारखा वाटतो.

कायदा विभागाकडून परत आलेला मसुदा

मसुद्यात एक वाक्य होतं: "कोणाचीही नोकरी जाणार नाही." कायदा विभागाने त्याचं "सध्याच्या नियोजनानुसार कोणत्याही कर्मचाऱ्याच्या सेवेवर परिणाम अपेक्षित नाही" असं केलं. त्यांची हरकत रास्त होती, वाक्य मात्र वाचण्यासारखं नव्हतं. अशा वेळी भाषेवरून वाद घालू नका. "यातलं काय खात्रीने म्हणता येईल?" एवढंच विचारा. उत्तर मिळालं की या दोन लाइनवर एकशे बारा जण आहेत आणि नव्या लाइनवर सगळ्यांच्या जागा नावानिशी ठरल्या आहेत. मग वाक्य झालं:

"एकशे बारा लोक आहेत या दोन लाइनवर. एकशे बारा जागा नव्या लाइनवर आहेत. यादी तयार आहे, आज दुपारी लागेल. पुढच्या वर्षीचं काय? ते मला आज सांगता येणार नाही."

कायदा विभागाला हे चाललं, कारण यातलं प्रत्येक वाक्य तपासता येत होतं. मॅडमनाही चाललं, कारण त्या अशाच बोलतात. विभागांशी सुरुवातीलाच ठरवून घ्या: चुकीची माहिती त्यांनी दाखवायची, नवं वाक्य तुम्ही लिहायचं. नाहीतर पाच जणांच्या दुरुस्त्यांनंतर कागदावर कोणाचाच आवाज उरत नाही.

कागद कसा असावा

भाषणाचा कागद निबंधासारखा छापू नका. अक्षर मोठं, किमान १८ पॉइंट. एका श्वासात जेवढं बोललं जातं तेवढीच एक ओळ. सुरुवातीला मारलेल्या तिरक्या रेघा इथे उपयोगी पडतात, कारण त्यावरून त्यांचा श्वास किती शब्दांचा आहे ते कळतं. मॅडमचा सहा-सात शब्दांचा होता. विन्स्टन चर्चिल यांची भाषणं त्यांच्या सेक्रेटरी अशाच तुटक, पायऱ्यापायऱ्यांच्या ओळींत टाइप करत, आणि कार्यालयात त्या मांडणीला स्तोत्रासारखी मांडणी म्हणत. पानाचा खालचा एक तृतीयांश भाग कोरा ठेवा, म्हणजे वाचताना मान खाली जात नाही. वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपता कामा नये. आकडे अक्षरात आणि त्यांच्या पद्धतीने लिहा, "शंभरातले सात". पानं स्टेपल करू नका, सुटी ठेवा आणि क्रमांक मोठे घाला.

वाचून घेणं

ही पायरी वेळेअभावी सगळ्यात आधी गळते, आणि तीच गळता कामा नये. आदल्या दिवशी अर्धा तास घ्या. ते उभे राहून मोठ्याने वाचतील, तुम्ही दुसरी प्रत घेऊन समोर बसा. मध्ये बोलू नका, फक्त खुणा करा. जिथे जीभ अडखळली तिथे गोल, जिथे त्यांनी नकळत शब्द बदलला तिथे त्यांचा शब्द. दोन ठिकाणी अडखळलेला शब्द तिसऱ्यांदा सुधारत नाही, तो काढा. नकळत बदललेला शब्द नेहमी त्यांचाच बरोबर, तो कितीही साधा वाटला तरी. मसुद्यातलं "बघितली" मॅडमनी दोन्ही वेळा "दिसली" असं वाचलं. मी तेच ठेवलं.

पहिल्याच ओळीवर मॅडम थांबल्या होत्या. "तीन नंबर आणि चार नंबर लाइन आपण बंद करतोय." कागद खाली ठेवून म्हणाल्या, "आपण कुठे? ते लोक थोडेच बंद करतायत. निर्णय माझा आहे." माझ्याच पानावर लिहिलं होतं की पुढच्या कामाला "आपण" आणि जबाबदारीला "मी". लाइन बंद होणं ही पुढची गोष्ट म्हणून मी "आपण" लिहून गेलो होतो, आणि चारशे लोकांना त्यांच्याच लाइनच्या बंदीत सामील करून टाकलं होतं. ओळ झाली: "तीन नंबर आणि चार नंबर लाइन मी बंद करतेय." नव्या लाइनचा भाग आला तिथे "आपण" तसंच राहिलं.

वाचन झाल्यावर "आवडलं का?" विचारू नका, हो म्हणतील. "यातलं कुठलं वाक्य तुम्ही म्हणणार नाही?" असं विचारा. आणि शक्य असेल तर त्यांच्यासोबत बरीच वर्षं काम केलेल्या एका विश्वासू माणसाला ते ऐकवा. त्याचा चेहरा जिथे बदलतो तिथे खूण करा.

भाषणाच्या दिवशी

मागे उभं राहून छापील प्रतीवर प्रत्यक्ष बोललेलं नोंदवत जा. कागद सुटतो ती जागा सगळ्यात मोलाची. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणात स्वप्नाचा प्रसिद्ध भाग तयार मसुद्यात नव्हता. तो ते आधीही इतर सभांत बोलले होते, म्हणजे तोंडात बसलेला होता, आणि कागद सोडल्यावर तोच बाहेर आला. लेखकाने याचं वाईट वाटून घेऊ नये. पुढच्या भाषणाचं सामान तिथेच मिळतं.

मॅडमनी वहीपर्यंत सगळं कागदाप्रमाणे म्हटलं. "चौदा पानं" म्हणाल्या आणि थांबल्या. माझ्या कागदावर तिथे थांबा नव्हता. मग "ही वही लिहायची वेळ कोणी आणली?" हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. सरळ म्हणाल्या, "पार्ट मी मंजूर केले नाहीत. म्हणून ती वही." पुढचं पान उलटलं आणि एकशे बारा जणांवर आल्या.

घरी येऊन मी त्यांच्या पानावर एक ओळ वाढवली: कामातली चूक सांगताना प्रश्न विचारतात, स्वतःची चूक सांगताना विचारत नाहीत.